समोरचं घर कोणाचं? मोकळं प्यादं कधी ढकलायचं आणि समोरच्याचं कसं अडवायचं

बुद्धिबळ नुकतंच शिकलेला खेळाडू मोकळं प्यादं मिळालं की दोनपैकी एक चूक करतो. एक तर ते हातात आल्याबरोबर पळवत सुटतो, आणि आठव्या रांगेच्या दोन घरं अलीकडे ते फुकट मारलं जातं. नाही तर ते जपून ठेवतो, आणि समोरचा निवांतपणे घोडा आणून त्याच्या तोंडाशी बसवतो. या दोन्ही चुका मी स्वतः भरपूर केल्या आहेत. त्यातली एक पुढे सांगतो, कारण अर्धा गुण गेल्यावरच ती मला कळली.

मोकळं प्यादं म्हणजे कोणतं, हे आधी नक्की करू. ज्या प्याद्याच्या समोर त्याच्या पट्टीत आणि शेजारच्या दोन्ही पट्ट्यांत प्रतिस्पर्ध्याचं एकही प्यादं नाही, ते मोकळं. क्लबात सगळे त्याला ‘पास पॉन’ म्हणतात. त्याला अडवायला किंवा मारायला आता प्यादं उरलेलं नसतं, मोहरा लागतो. घरांची नावं मी डावीकडून ए, बी, सी ते एच आणि खालून १ ते ८ अशी लिहितो आहे, पांढऱ्याच्या बाजूने पाहून. पट समोर मांडून वाचलंत तर जास्त कळेल.

आधी पाहायचं ते एकच घर

प्यादं ढकलू की नको हा प्रश्न पडला की बहुतेकजण आठव्या रांगेकडे बघतात. किती चाली राहिल्या, वजीर कधी होईल, हे मोजतात. मी नवीन मुलांना आधी नजर खाली आणायला सांगतो. प्याद्याच्या नाकासमोरचं घर बघा. ते कोणाच्या ताब्यात आहे? आणि प्यादं एक घर पुढे गेलं, तर मग जे घर समोर येईल ते कोणाच्या ताब्यात असेल?

यातला दुसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही, आणि डाव तिथेच फिरतो. प्यादं पुढे सरकतं तेव्हा अडवण्याची जागाही सरकते. डी५ वरचं प्यादं अडवायचं तर मोहरा डी६ वर बसवावा लागतो, तेच प्यादं डी६ वर आलं की डी७ वर. डी६ हे काळं घर आहे, डी७ पांढरं. तुमच्याकडे पांढऱ्या घरांचा उंट असेल, तर डी६ वर बसलेल्या पहारेकऱ्याला तो जन्मात हात लावू शकत नाही. डी७ वरच्याला मात्र हुसकावू शकतो.

हे एका मांडणीत दाखवतो. पांढऱ्याचा राजा जी१, हत्ती डी१, उंट एफ३, प्यादी डी५, एफ२, जी२, एच२. काळ्याचा राजा जी८, हत्ती ए२, घोडा ई८, प्यादी एफ७, जी७, एच७. चाल पांढऱ्याची.

काळ्याचा घोडा डी६ पासून एकाच उडीवर आहे. अशा वेळी सावध खेळाडू काय करतो? राजाला हवा मिळावी म्हणून एच३ खेळतो. चाल चांगली दिसते, कारण मागच्या रांगेवर मात बसण्याची भीती जाते. पण काळा घोडा डी६ वर ठेवतो आणि पांढऱ्याचा डाव थिजतो. उंट पांढऱ्या घरांचा, तो डी६ ला कधीच धरू शकत नाही. शिवाय त्याचा लांब कर्ण डी५ वरच्या आपल्याच प्याद्याने बंद झालेला. हत्ती डी१ वर उभा आहे, पण त्याच्याही समोर आपलंच प्यादं. राजाला सी५ पर्यंत नेऊन घोड्यावर हल्ला चढवावा, तर सी४ आणि ई४ ही घरं घोडाच सांभाळतो आणि काळा हत्ती चौथ्या रांगेत आणून उरलेली वाट बंद करतो. एक प्यादं जास्त असूनही करायला काही उरत नाही.

आता एच३ ऐवजी पहिल्याच चालीला प्यादं डी६ वर ढकला. पाठीमागे हत्ती आहे, म्हणून घोड्याने ते मारलं तर हत्ती घोडा मारतो. शिवाय प्यादं सरकताच उंटाचा कर्ण ए८ पर्यंत उघडला, म्हणजे काळा हत्ती ए८ वर परत येऊ शकत नाही. पुढची धमकी डी७ ची. तिथे पोचलेलं प्यादं ई८ वरच्या घोड्यावर हल्ला करतं आणि वजीर व्हायलाही एकच घर बाकी राहतं. काळ्याने आता घोडा एफ६ वर नेला, तर डी७, घोडा मारतो डी७, हत्ती मारतो डी७, आणि पांढरा एका उंटाने पुढे. राजा एफ८ वर आणला, तर डी७ नंतर घोडा कुठेही गेला तरी प्यादं शह देऊन वजीर होतं, आणि राजा ई७ वर आला तर प्यादं घोड्याला मारून वजीर होतं. राजा तो वजीर घेईल, पण घोडा गेला तो गेलाच. काळा काहीही खेळला तरी त्याचा एक मोहरा जातो.

फरक एका चालीचा. म्हणून हे पान पान चाळून पाठ करण्यापेक्षा असं धरा: समोरचा पहारेकरी अजून वाटेत आहे, समोरचं घर मला पाठिंब्यासह घेता येतं आहे आणि पुढचं घर माझ्या मोहऱ्यांच्या टप्प्यात येणार आहे, असं असेल तर लगेच ढकला. तिन्ही गोष्टी जुळत नसतील तर हात आवरा. विशेषतः उंटाचा रंग बघा. प्यादं ज्या रंगाच्या घरावर अडवलं जाणार आहे, त्या रंगाचा उंट तुमच्याकडे नसेल, तर एक घर आधी किंवा एक घर पुढे जाऊन तो रंग बदलता येतो का, एवढं तपासायला अर्धा मिनिट लागतो.

मोहरे संपले की मोजणी

पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली की वेगळा हिशोब लागतो, आणि तो सोपा आहे. प्याद्यापासून आठव्या रांगेपर्यंतची घरं मोजा आणि तेवढ्याच रुंदीचा चौकोन मनात आखा. समोरचा राजा त्या चौकोनात आहे किंवा आपल्या चालीला आत येऊ शकतो, तर तो प्यादं पकडणार. नाही तर नाही.

उदाहरणार्थ, पांढऱ्याचं प्यादं बी४ वर, त्याचा राजा लांब एच१ वर. चौकोन बी४ पासून एफ४, एफ८ आणि बी८ असा होतो. काळा राजा जी५ वर आहे, म्हणजे चौकोनाच्या एक पाऊल बाहेर. चाल काळ्याची असेल तर तो एफ५ वर आत शिरतो आणि मग बी५, राजा ई६, बी६, राजा डी७, बी७, राजा सी७. वजीर झाला की लगेच मारला जातो. तीच मांडणी, पण चाल पांढऱ्याची, तर प्यादं बी५ वर जातं आणि चौकोन लहान होऊन ई पट्टीपर्यंतच उरतो. राजा एफ पट्टीत पोचेपर्यंत दार बंद झालेलं असतं. दुसऱ्या रांगेत असलेल्या प्याद्याला पहिली उडी दोन घरांची असते, म्हणून ते तिसऱ्या रांगेत आहे असं समजून चौकोन आखायचा. इथे नवीन मुलं हमखास चुकतात.

चौकोनाबाहेर राजा असेल, वाटेत आपला किंवा त्याचा दुसरा अडथळा नसेल आणि समोरच्याचं स्वतःचं प्यादं आपल्याआधी पोचत नसेल, तर विचार करत बसू नका, पळवा. राजा आत असेल, तर पळवून उपयोग नाही. मग आपल्या राजाने पुढे जाऊन वाट साफ करायची. माझा अर्धा गुण गेला तो इथेच.

जिल्हा पातळीवरची एक स्पर्धा होती, शेवटून दुसरी फेरी. माझा राजा डी४ वर, प्यादं ई३ वर. समोरच्याचा राजा डी७ वर. बाकी पट रिकामा, चाल माझी. प्यादं मागे पडलंय, पुढे आणू या, असं म्हणून मी ई४ खेळलो. समोर दहा-बारा वर्षांची मुलगी बसली होती. तिने क्षणभरही न थांबता राजा डी६ वर आणला. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि चाल माझी. म्हणजे बाजूला व्हायचं ते मीच. मी ई५ ने शह दिला, ती ई६ वर. मी ई४, ती सरळ मागे ई७. मी डी५, ती डी७. ई६ ने शह, ती ई७. मी ई५ वर, आणि ती पुन्हा सरळ मागे ई८. मग मी डी६, ती डी८. ई७ ने शह, ती ई८. आता प्यादं वाचवायला ई६ हे एकच घर, आणि तिथे राजा ठेवला की तिला एकही चाल उरत नाही. कोंडी झाली, डाव बरोबरीत.

घरी येऊन पट मांडला. ई४ ही चाल तेव्हा खर्च करायची नव्हतीच. राजाने आधी ई५ वर जायला हवं होतं. ती राजा ई७ वर आणते, पुन्हा दोघे समोरासमोर, आणि आता मी ई४ खेळतो. राजा जागचा हलत नाही, प्यादं एक पाऊल टाकतं आणि चाल तिच्यावर जाते. बाजूला व्हायला लागतं तिला. समजा राजा डी७ वर गेला, तर माझा एफ६ वर शिरतो. मग राजा ई८, माझा ई६. राजा डी८, माझा एफ७. इथून ई६, ई७ आणि ई८ ही घरं माझ्या राजाच्या ताब्यात आहेत आणि प्यादं चार चालींत वजीर होतं. तेच प्यादं, तीच एका घराची चाल. आधी खेळलो तर बरोबरी, नंतर खेळलो तर विजय. राजा-प्याद्याच्या अंत्य डावात प्याद्याची न खेळलेली चाल ही खिशातली मोड असते. ती खर्च करायची ती समोरच्याला बाजूला सारण्यासाठीच.

त्या मुलीने काय केलं, तेही नीट बघण्यासारखं आहे, कारण अडवणं कसं असतं ते तिने दाखवलं. ती मागे गेली तेव्हा प्रत्येक वेळी प्याद्याच्याच पट्टीत सरळ मागे गेली. प्यादं ई६ वर आणि माझा राजा ई५ वर असताना ती डी८ किंवा एफ८ वर गेली असती, तर मी राजा त्याच पट्टीत सहाव्या रांगेवर, म्हणजे डी६ किंवा एफ६ वर आणला असता. मग तिला ई८ वर यावं लागलं असतं, ई७ ला शह बसला नसता आणि डाव मी जिंकला असता. प्यादं सहाव्या रांगेत आलं की सरळ मागे जायचं, एवढं एक लक्षात ठेवलं तरी असे कित्येक डाव वाचतात.

नाकाबंदी: कोणाला उभं करायचं

आता समोरच्याचं मोकळं प्यादं. ते मारता आलं तर उत्तमच, पण सहसा त्याच्यामागे कोणीतरी उभं असतं. अशा वेळी त्याच्या तोंडासमोर मोहरा बसवायचा. यालाच ब्लॉकेड म्हणतात. आपली ‘नाकाबंदी’ इथे बरोबर बसते. रीगा इथे १८८६ मध्ये जन्मलेल्या अरॉन निमझोविच या बुद्धिबळपटूने ही कल्पना सगळ्यात ठामपणे मांडली. नुसतं लांबून लक्ष ठेवू नका, जाऊन समोर बसा, हा त्याचा आग्रह.

लांबून लक्ष ठेवणं आणि समोर बसणं यात काय फरक पडतो, हे डी६ वरच्या घोड्यावरून कळतं. समोर बसलेल्या घोड्याला प्रतिस्पर्ध्याच्याच प्याद्याचा आडोसा मिळतो. डी१ वरचा हत्ती त्याच्यापर्यंत पोचत नाही, कारण मध्ये त्याचंच प्यादं आहे. वरून घोडा उड्या मारणारा, त्यामुळे बसल्या जागेवरून तो बी५, बी७, सी४, सी८, ई४, ई८, एफ५ आणि एफ७ अशा आठ घरांवर नजर ठेवतो. पहारा देता देता हल्लाही करतो. दुसरा कोणताही मोहरा ही दोन्ही कामं इतकी छान करत नाही.

म्हणून पसंती घोड्याला. उंटही चालतो, पण ज्या रंगाच्या घरावर तो बसणार त्याच रंगाचा हवा हे उघड आहे. राजा अंत्य डावात उत्तम पहारेकरी असतो, मध्य डावात नाही. हत्ती आणि वजीर मात्र शेवटचा उपाय. कारण किंमत. वजीर डी६ वर बसवलात आणि समोरच्याने साधा घोडा त्याच्यावर आणला की तुम्हाला उठावंच लागतं, वाट मोकळी होते. महागडा पहारेकरी कोणीही स्वस्तात उठवतो.

घोड्याच्या बाबतीत एक अपवाद. प्यादं कडेच्या पट्टीत असेल तर घोड्याला तिथे गुदमरायला होतं. मध्यावर त्याला आठ घरं, ए६ वर चार, ए७ वर तीन आणि ए८ वर फक्त दोन. प्यादं ए७ वर आणि घोडा ए८ वर अडकलेला असा डाव मी अनेकांना हरताना पाहिला आहे. समोरचा राजा नुसता चालत येतो. कडेच्या प्याद्याला अडवायला राजा किंवा उंट बरा.

नाकाबंदी टिकवायची तर एका पहारेकऱ्यावर विसंबून चालत नाही. प्रतिस्पर्धी तुमच्या डी६ वरच्या घोड्याशी आपला मोहरा बदलायला येणारच, कारण मोकळ्या प्याद्यामागचा त्याचा सगळा उद्योग तोच आहे. बदलाबदली झाल्यावर डी६ वर परत मारून बसायला तुमच्याकडे कोण आहे, हे आधीच ठरलेलं असावं. ई७ वर उंट किंवा राजा, नाहीतर एफ७ वर दुसरा घोडा. मागे कोणी नसेल तर नाकाबंदी फक्त पुढच्या बदलापर्यंत असते. आणि उलटही लक्षात घ्या. मोकळं प्यादं तुमचं असेल आणि समोर पहारेकरी बसला असेल, तर त्याच्याशी जुळणारा मोहरा शोधून बदलणं हीच तुमची पहिली योजना. घोड्याच्या बदल्यात घोडा, काळ्या घरांच्या उंटाच्या बदल्यात काळ्या घरांचा उंट.

एका ठिकाणी नाकाबंदी मुळातच धरत नाही. शेजारी-शेजारी दोन मोकळी प्यादी एकमेकांना धरून सहाव्या रांगेत पोचली, समजा बी६ आणि सी६, आणि तुमच्याकडे फक्त हत्ती आहे, राजा लांब. प्रतिस्पर्धी सी७ खेळतो. तुम्ही बी६ मारलं तर सी८ वजीर. तुम्ही हत्ती सी१ वर मागे आणला तर बी७, आणि दोनपैकी एक तरी पोचतं. हीच प्यादी पाचव्या रांगेत असतील तर हत्ती बहुधा त्यांना थोपवतो. म्हणून जोडीच्या प्याद्यांसमोर ती चौथ्या-पाचव्या रांगेत असतानाच एखादं पुढे यायला लावा आणि दोघांमधलं घर पकडून बसा. सहाव्या रांगेची वाट बघू नका.

(जाता जाता: घरात आजोबांकडून देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेल्यांसाठी एक सूचना. काही घरांत प्यादं ज्या पट्टीत पोचेल त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचं रूप घेतं. स्पर्धेच्या बुद्धिबळात तसं नाही, कुठल्याही पट्टीत पोचलं तरी वजीर करता येतो. त्यामुळे कडेच्या प्याद्याला कमी लेखू नका.)

न ढकलता जिंकणं

आत्तापर्यंतचं सगळं ढकलणं आणि अडवणं याविषयी होतं. पण मोकळ्या प्याद्याचा सगळ्यात जास्त उपयोग कधीकधी ते जागच्या जागी ठेवून होतो. याचं उदाहरण म्हणून मी मुलांना एकच डाव दाखवतो: १९२७ सालच्या ब्युनोस आयरेस इथल्या विश्वविजेतेपदाच्या सामन्याचा चौतिसावा आणि शेवटचा डाव. पांढऱ्याकडून अलेक्झांडर अलेखिन, काळ्याकडून विश्वविजेता होसे राउल कापाब्लांका.

हत्तींचा अंत्य डाव उरला होता. अलेखिनचं मोकळं प्यादं ए५ वर, त्याच्या पाठीमागे हत्ती ए४ वर. राजाच्या बाजूला एफ, जी आणि एच पट्ट्यांत दोघांची तीन-तीन प्यादी. कापाब्लांकाचा हत्ती प्याद्याच्या समोर ए६ वर बसलेला. म्हणजे नाकाबंदी झालेली होती. पण कोणाला उभं केलं होतं? हत्तीला. आता दोन्ही हत्तींची तुलना करा. पांढरा हत्ती प्याद्यामागे आहे. प्यादं पुढे गेलं तर त्याची पट्टी लांबते. काळा हत्ती प्याद्यासमोर आहे. प्यादं पुढे आलं तर त्याची जागा आक्रसते, आणि तो ए पट्टीतून हलला की प्यादं निघालंच. मोकळ्या प्याद्याच्या मागे हत्ती ठेवावा, मग ते आपलं असो की परक्याचं, हा जुना नियम याच कारणाने आहे.

नवखा खेळाडू इथे ए६ कसं फोडू, याच विचारात अडकतो. अलेखिन त्या बाजूला बळ लावत बसला नाही. त्याने राजा पटाच्या मधून वजिराच्या बाजूला चालवत नेला. ए पट्टीवर पांढरा राजाही पोचला तर हत्ती एकटा पुरणार नाही, म्हणून कापाब्लांकाला आपला राजा त्याच्या समोर आणावा लागला. दोन राजे सी३ आणि बी५ च्या आसपास एकमेकांना तोलत राहिले. आणि मग अलेखिनचा राजा वळला. डी४, ई५, एफ४, जी५ करत तो उलट्या बाजूला, जिथे काळ्याच्या तीन प्याद्यांना आता राखण करायला राजा नव्हता, तिकडे निघाला. काळा राजा बी५ वर होता म्हणून काळा हत्ती शह देत ए६ वरून सुटला, पण मग राजालाच ए६ वर येऊन पहारा घ्यावा लागला. आणि पुढच्या दोन चालींत पांढरा राजा एच६ वर जाऊन पोचला.

या संबंध काळात ए५ वरचं प्यादं एकदाही हललं नाही. त्याला हलायची गरजच नव्हती. ‘कधीही हलेन’ एवढ्या धमकीवर त्याने आधी काळ्याचा हत्ती आणि मग राजा बांधून ठेवला, आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्याचा राजा व काळ्याची तीन प्यादी एवढंच उरलं.

असाच प्रसंग तुमच्या डावात आला, म्हणजे प्यादं पुढे जात नाही पण समोरच्याचा मोहरा तिथे बांधला गेला आहे, तर तीन गोष्टी बघा. पटाच्या दुसऱ्या बाजूला झगडायला काही आहे का? तिथे तुमचा राजा किंवा मोकळा मोहरा त्याच्या राजाआधी पोचतो का? आणि तुम्ही तिकडे गेल्यावर प्याद्याच्या मागे राखणीला कोणी उरतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर जाऊ नका. समोरचा तुमची पाठ वळताच ते प्यादं उचलेल. अलेखिनला जाता आलं ते ए पट्टीत मागे हत्ती बसला होता म्हणून. बाजूला ओढणारं प्यादं जितकं कडेला, तितका समोरच्या राजाला परतीचा रस्ता लांब पडतो. ए पट्टीतून जी पट्टीपर्यंत सहा पावलं लागतात, सी पट्टीतून चारच. त्या दोन पावलांत एक प्यादं मारून होतं.

कापाब्लांका तो डाव ८२व्या चालीनंतर हरला. अलेखिनने सामना सहा विजय, तीन पराभव आणि पंचवीस बरोबऱ्या असा संपवला. हा डाव पटावर मांडायचा असेल तर ५४व्या चालीपासून मांडा. पांढऱ्याचा हत्ती ए४ वर आल्यापासून काळा राजा ए६ वर येईपर्यंतच्या दहा-बारा चाली पुरे. प्रत्येक चालीला थांबून एकच विचारा: आत्ता काळ्याचा हत्ती इथून उठला तर ए५ वरचं प्यादं आठव्या रांगेत पोचेल का? उत्तर ‘नाही’ आल्यावरच तो उठतो.